मदत हवी आहे: ‘घातली’, ‘व्याली’ कोशात कशाखाली शोधायचं?

आर्या_वाचते
एका अमराठी मैत्रिणीला मराठी शिकवते आहे. बोलणं जमायला लागलंय, म्हणून गोष्टी वाचायला घेतल्या आणि अडलेला शब्द कोशात बघायची सवय लावली. नामं सापडतात, क्रियापदं सापडत नाहीत. आज ‘घातली’वर गाडी अडली. कोशात ‘घात’ मिळाला आणि तिने अर्थ लावला की कुणीतरी दगा दिला. वाक्यात मुलीने टोपी घातली होती! मला मूळ शब्द आपोआप कळतो, पण रीत सांगता येत नाही. उद्या परत बसायचंय, कृपया लवकर सांगा.

सरळमार्गी
यात अवघड काही नाही. शेवटचा ला, ली, ले काढायचा आणि णे लावायचा. बसली – बसणे, वाचले – वाचणे. भविष्यकाळात ईन, शील, ईल, तील काढायचे. बसशील – बसणे. झालं काम.

तळघर
कोणता कोश? छापील की ऑनलाइन? आणखी कोणते शब्द अडले तेही लिहा. एका शब्दावरून रीत कशी सांगणार?

आर्या_वाचते
मोल्सवर्थ, ऑनलाइन. अडलेले शब्द: घातली, व्याली, म्हटलं, होता, लिहील. सरळमार्गी, तुमच्या रीतीने ‘घातणे’ येतं. असा शब्दच नाही.

शुद्धमती
आधी ‘म्हटलं’ लिहायचं की ‘म्हटले’ ते ठरवा. बोलण्यातला अनुस्वार सर्रास लेखनात येतोय. 1962 च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, तरी लोक ते कुठेही देतात.

तळघर
शुद्धमती, त्यांनी ते विचारलेलं नाही. पण अनुस्वाराची आठवण कामाची आहे. मोल्सवर्थची दुसरी आवृत्ती 1857 ची, त्यामुळे तिथे ‘घालणे’ नाही, ‘घालणें’ आहे. णे लिहून शब्द मिळाला नाही तर णें लिहून बघायला सांगा. पाठवणे, बसवणे असे शब्दही जुन्या कोशांत ‘पाठविणें’, ‘बसविणें’ असे असतात.

आता मूळ प्रश्न. सरळमार्गींची रीत बहुतेक क्रियापदांना चालते, पहिला प्रयत्न तोच करावा. पण फसतो तो भूतकाळ. भविष्यकाळात धातू जवळजवळ कधीच बदलत नाही. गेला, केला, आला, मेला, झाला यांत मूळ ओळखू येत नाही. जाशील, करशील, येशील, मरशील, होशील यांत ते उघडं दिसतं. म्हणून ‘घातली’वर अडली की तिला कोशाआधी तुम्हाला विचारू दे, की तू हेच उद्या करणार असशील तर मी काय म्हणेन? ‘घालशील’. शील काढा, घालणे.

आर्या_वाचते
पण मी शेजारी नसताना? ती एकटी वाचते तेव्हाच अडते.

तळघर
मग उरलेल्या ‘त’कडे बघायला शिकवा. ली काढल्यावर शेवटी त राहिला तर दोन शक्यता. एक, तो त भूतकाळापुरता आला असेल: घेतला – घेणे, धुतला – धुणे, सांगितला – सांगणे, मागितला – मागणे. शेवटच्या दोनांत ‘इत’ आहे, तो अख्खा काढायचा. दुसरी, त खरोखर धातूचा असेल: ओतला – ओतणे. आधी त ठेवून शोधायचं, नाही मिळालं तर काढून. ‘घातला’ यांपैकी कशातच बसत नाही, तिथे ल च्या जागी त आलाय. तो वेगळा पाठच करावा.

आणि ‘घेतली’ व ‘घेतील’ शेजारी शेजारी लिहून दाखवा. एका वेलांटीच्या जागेने काळ बदलतो. ‘घेतील’मधला त प्रत्ययातलाच आहे.

बखरवाला
मी जुनी कागदपत्रं वाचतो, तिथे ‘जाहला’ सतत येतो. तो होणे. ‘म्हणितलें’ही भेटतं. ते डोळ्यासमोर ठेवलं की ‘म्हटलं’ सुटतं: इत काढा, म्हणणे उरतं. मैत्रिणीला बखरी वाचायला द्या, सगळे आकार नजरेखालून जातील.

सरळमार्गी
नवशिक्याला बखरी? ती वाचणंच सोडेल. ‘व्याली’चं काय ते सांगा. तो ‘व्यायणे’ असणार.

तळघर
बोलण्यात ‘व्यायणे’ ऐकू येतं, पण जुन्या कोशात ते शोधू नका. ‘गाय व्याली’. ली काढली, ‘व्या’ राहिलं. आता ‘या’ काढून आधी इ लावून बघायची, मग ए. वि, वे. ‘विणें’ मिळतं आणि अर्थही जुळतो. तसंच भ्याला – भिणे, तो दूध प्याला – पिणे, साज ल्याली – लेणे. ही क्रियापदं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

दोन खाचखळगे. ‘विणे’जवळच ‘विणणे’ आहे. त्याचं ‘विणली’ होतं, ‘व्याली’ होत नाही. आणि ‘प्याला’ भांडं म्हणूनही कोशात मिळतो, म्हणून ती तिथेच थांबेल. वाक्यात दुसरं क्रियापद नसेल तर ते भांडं नाही, हे सांगून ठेवा.

रिकामी_ओळ
आणि उडाला, निघाला, पळाला? ला काढला तर उडाणे, निघाणे होतं. माझा भाचा तसंच शोधत बसतो.

तळघर
बरं झालं विचारलंत. ला च्या आधीचा आ किंवा इ नको असू शकतो: उडाला – उडणे, पाहिला – पाहणे, राहिली – राहणे. पण ‘लिहिला’मधली इ मूळचीच आहे, लिहिणे. आर्याताईंचं ‘लिहील’ इथेच अडतं. ईल काढल्यावर ‘लिह’ राहतं आणि इ हरवते. ‘लिहिशील’ घेतलं की ती परत दिसते, म्हणून मी शील वर भर देतो, ईल वर देत नाही.

शुद्धमती
भविष्यकाळाचा विषय निघालाच आहे तर ‘करील’ योग्य की ‘करेल’?

रिकामी_ओळ
दोन्हींतून करणेच मिळतं. त्यासाठी वेगळा धागा काढा.

सरळमार्गी
‘होता’ राहिला. तो होणे, यात वाद नको.

तळघर
वाद आहे. ‘तो शिक्षक झाला’ उद्यावर ढकला, ‘शिक्षक होईल’ येतं. ‘तो शिक्षक होता’ ढकला, ‘शिक्षक असेल’ येतं. वाचणाऱ्याला अर्थ हवा असेल तर ‘होता’ असणे खाली बघावा.

बखरवाला
अर्थाने असणे, पण रूप होणेचंच आहे. हो ला ता लागलाय, डोळ्यांनी दिसतंय. असणेत ह कुठे आहे?

तळघर
व्युत्पत्ती म्हणून मान्य. पण होणे उघडून ती ‘बनणे’ हा अर्थ घेईल आणि वाक्य बिघडेल.

बखरवाला
मग दोन्ही उघडून बघू दे. एकच सांगणं मला पटत नाही.

आर्या_वाचते
उद्या घातली, घेतली, व्याली आणि उडाला एवढेच घेते, ‘होता’साठी दोन्ही नोंदी उघडायला सांगते. तिचा आत्ताच निरोप आलाय: ‘नव्हता’ कुठे शोधू?

सरळमार्गी
नसणे.

बखरवाला
न + होता. परत तोच प्रश्न.