व्हील बदलायला वीस मिनिटं, जेएसए भरायला पाऊण तास

सातपूरचा_फिटर
आमच्याकडे पेडस्टल ग्राइंडरचं व्हील बदलायला वीस मिनिटं लागतात आणि त्याची जेएसए, म्हणजे कामाच्या पायऱ्या आणि प्रत्येकीचा धोका लिहायचा कागद, भरायला पाऊण तास. वर पाच सह्या. तीस वर्षं व्हील बदलतोय, कधी खरचटलं नाही. कागदामुळे व्हील फुटायचं थांबतं का?

अंबड_सेफ्टी
नाना, कागदामुळे नाही थांबत. पण वीस मिनिटांत काय काय करता ते सांगा. बहुतेक जेएसएत "जुनं व्हील काढा, नवीन बसवा, नट आवळा" एवढंच असतं आणि समोर "काळजी घ्या". व्हील फुटायचा खरा धोका त्या तीन ओळींच्या आधी आणि नंतर असतो.

आधी म्हणजे स्टोअरमधून आणताना. व्हील पडलं किंवा आपटलं तर केसासारखी चीर पडते, ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून कोरडं व्हील भोकात बोट घालून लटकवायचं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेपासून इंच-दोन इंच आत हलकं ठोकायचं. मग थोडं फिरवून पुन्हा. चांगलं व्हिट्रिफाइड व्हील खणखणीत वाजतं, तडकलेलं थप्प करतं. मग व्हीलवर छापलेला जास्तीत जास्त आरपीएम मोटारच्या प्लेटशी ताडायचा. मोटार 2800 ची असेल तर व्हीलवरचा आकडा त्याहून कमी चालत नाही.

नंतर म्हणजे पहिल्यांदा चालू करताना. गार्ड लावून, बाजूला उभं राहून निदान एक मिनिट रिकामं फिरवायचं. या पायऱ्या तुमच्या जेएसएत आहेत का?

नट_बोल्ट
एवढं कशाला? नट दणकून आवळला की व्हील हलत नाही आणि हललं नाही की फुटत नाही. साधं गणित आहे.

अंबड_सेफ्टी
अर्धंच गणित. ढिलं नको हे बरोबर, पण पाइप घालून आवळलं की फ्लँजखाली व्हील तडकतं. दोन्ही बाजूंना कागदी ब्लॉटर हवाच, आणि आवळायचं व्हील सरकणार नाही इतपत. रेझिन बाँडचं व्हील मात्र मुळातच जरा बद्द वाजतं, ते ऐकून चांगलं व्हील भंगारात टाकू नका.

वेल्डर_देवळाली
माझ्या भावाला ग्राइंडरवर हातमोजे घातले नाहीत म्हणून दंड झाला. अहो, घातले असते तर बोट गेलं असतं. ती जेएसए कोणी लिहिली त्याला विचारा.

एचएसई_ताई
हातमोजे नकोत म्हणजे काय? कडक व्हील, धारदार कडा, हात कापतो. आमच्याकडे सक्तीचे आहेत.

वेल्डर_देवळाली
ताई, फिरत्या व्हीलजवळ मोजा अडकला की हात आत ओढला जातो. ऑफिसात बसून सक्ती करणं सोपं आहे.

एचएसई_ताई
ऑफिसात बसते हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी शॉपफ्लोरवरच असते.

अंबड_सेफ्टी
दोघेही बरोबर, म्हणूनच भांडताय. व्हील उचलताना, जुना नट सोडवताना मशीन बंद आहे, तिथे हातमोजे ठीक. व्हील फिरायला लागलं की सैल कापडी मोजे नकोत. वेल्डिंगच्या जेएसएतली "हातमोजे" ही ओळ उचलून सगळ्या पायऱ्यांसमोर चिकटवली की असं होतं. काम पायऱ्यांत तोडायचं कारणच हे, की धोका पायरीगणिक बदलतो.

एचएसई_ताई
तंग लेदरचे चालतात, असं माझं मत अजून कायम आहे.

जुना_मशिनिस्ट
माझा किस्सा. एका कारखान्यात होतो, नाव नको. नवं व्हील बसवलं, ठोकून बघितलं नाही. बटण मशीनच्या समोरच, पण त्या दिवशी कोणीतरी हाक मारली म्हणून हात लांबवून बाजूनेच दाबलं. चारेक सेकंदांत दाणकन आवाज. दोन तुकडे गार्डने धरले, एक समोरच्या पत्र्याला भोक पाडून गेला. मी जिथे उभा राहतो तिथून बरोबर गेला तो. कागदावर त्या दिवशी माझी सही होती, वाचला नव्हता.

सातपूरचा_फिटर
बरं बाबा. ठोकून आवाज ऐकायची रिंग टेस्ट आणि बाजूला उभं राहणं, या दोन पायऱ्या मान्य. त्या आमच्या कागदात नाहीतच, हे आज बघितलं. पाच सह्या कशाला हे मात्र अजून कोणी सांगितलं नाही.

नट_बोल्ट
आणि डावीकडचा नट उलट्या आट्यांचा असतो हे किती जणांच्या जेएसएत लिहिलंय? नवीन पोरगा नेहमीच्या दिशेने जोर लावतो, नट आणखी घट्ट होतो, मग स्पॅनर निसटून बोटं व्हीलवर सोलतात.

अंबड_सेफ्टी
हे तुमचं शंभर टक्के खरं. आमच्याही जेएसएत नाही. उद्या घालतो.

सातपूरचा_फिटर
घाला, घाला. सहावी सही माझी घ्या.