हरवलेलं सामान आणि न सापडणारं ऑफिस : तुमचे अनुभव लिहा

मळेवाडची
काल भावाला सोडायला कणकवली स्टेशनला गेले होते. एक बाई 'हरवलेल्या सामानाचं ऑफिस कुठे?' असं विचारत फिरत होत्या आणि प्रत्येक जण वेगळीकडे हात दाखवत होता. मला एकदम आत्याची निळी पिशवी आठवली.

आत्या कुडाळहून मांडवीने निघून ठाण्याला उतरली. बर्थखाली सरकवलेली पिशवी तशीच राहिली. आत गुडघ्याच्या एक्स-रेची फाईल, पासबुक आणि काजूगर. घरी पोचून चहा टाकल्यावर आठवण झाली. बाबा म्हणाले कुडाळला फोन करूया, आतेभाऊ म्हणाला कोकण रेल्वेच्या बेलापूरच्या ऑफिसात सकाळी जातो. शेवटी कुडाळच्या एका ओळखीच्या पॉइंट्समनने सांगितलं, "गाडी संपता थंय विचारा." मग १३९ लावला. त्यांनी पीएनआर, डबा, बर्थ आणि पिशवीचा रंग विचारला. त्याच रात्री ठाण्याच्या फलाटावर आरपीएफच्या जवानाने पिशवी हातात दिली! सीएसएमटीला गेलेली पिशवी ठाण्याला कशी आली, ते आजतागायत कळलेलं नाही.

तुमचे किस्से सांगा. ऑफिस कुठे असतं, किती वाजेपर्यंत उघडं असतं, तेही लिहा म्हणजे कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

सुशेगाद
काजूगर होते का पिशवीत? ते महत्त्वाचं 😄

मळेवाडची
होते. ओले. आत्याने आधी तेच बघितले, मग पासबुक.

रुळावरचा
ताई, कोडं सोपं आहे. मांडवी आणि कोकणकन्या एकाच रेकवर चालतात. रात्री सीएसएमटीला आलेली मांडवी तिथून कोकणकन्या होऊन सुटते आणि कोकणकन्या ठाण्याला थांबते. म्हणजे पिशवी जागची हललीच नाही, डबाच उलटा आला. १३९ वाल्यांनी डबा-बर्थ पुढे कळवला असणार आणि जवान ठाण्याला चढून बघून आला.

म्हणूनच सांगतो, आधी ऑफिस शोधू नका, आधी गाडी शोधा. ती पुढे कुठे थांबणार, कुठे संपणार आणि तिथून रेक कुठे जाणार? यार्डात धुवायला गेली तर सामान सफाईवाल्यांच्या हाती लागतं आणि मग स्टेशनवर जमा होतं. लगेच परत सुटली तर ते गाडीबरोबर फिरत राहतं.

दुसरं म्हणजे हद्द. कोकण रेल्वे रोह्याला संपते. त्याच्या वर पनवेल, ठाणे, सीएसएमटी सगळं मध्य रेल्वेचं. गाडी कोकणातली असली तरी मुंबईत राहिलेल्या पिशवीसाठी बेलापूरला जाऊन उपयोग नाही.

अण्णा_देवगड
आरपीएफचा नंबर १८२ आहे. तो लावा, लगेच उचलतात.

रुळावरचा
अण्णा, तो २०२१ मध्येच १३९ मध्ये विलीन झाला. आता सगळं १३९ वरच. सुरक्षेचा पर्याय निवडायचा, नाहीतर पीएनआरची चौकशी ऐकत बसावं लागतं.

अण्णा_देवगड
असं होय. माझ्या तिकिटामागे अजून तोच छापलाय. तिकीट जुनं आहे म्हणा.

खारवी
आमच्या काकाने बांगड्याचो डबो गाडीत इसारल्यान. कोणी परत दिलो नाय, पण तो डबो कोणी रात्रभर आपल्याकडे ठेवलो आसात तेची माका अजून काळजी वाटता.

मीनल_रत्नागिरी
😂😂 नाशवंत माल कोणी सांभाळून ठेवत नाही हो काका.

मी स्टेशनजवळच राहते म्हणून वेळेबद्दल लिहिते. आमच्या लहान-मध्यम स्टेशनांवर वेगळं ऑफिस असेलच असं नाही. सापडलेली वस्तू स्टेशन मास्तरकडे किंवा आरपीएफकडे जाते, रजिस्टरला नोंद होते आणि ती कपाटात बंद होते. मास्तर चोवीस तास असतात म्हणून लोक रात्री अकराला येऊन धडकतात. पण कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, तो दिवसपाळीला असतो! मग सकाळपर्यंत बाकावर. त्यामुळे फोनवर 'ऑफिस उघडं आहे का' असं विचारू नका. 'वस्तू तुमच्याकडे जमा आहे का, रजिस्टरला नोंद आहे का, आणि देणारा माणूस किती वाजता असतो' हे विचारा. सांगणाऱ्याचं नाव आणि हुद्दा लिहून घ्या, पाळी बदलली की नवीन माणसाला काहीच माहीत नसतं.

आता भात उतरवते, नंतर लिहीन.

वेंगुर्ल्याचा_बाब्या
तुतारीत छत्री राहिली. कणकवलीला उतरलो होतो, गाडी संपते सावंतवाडीला. बायको म्हणाली, जा गावात जाऊन घेऊन या. गावात जाऊन काय करू, स्टेशन मळगावात! रिक्षाचे पैसे छत्रीच्या वर गेले असते. नाय गेलो.

प्राजक्ता_पणजी
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. विमानातून आलेल्या बॅगेचं चाक तुटलं. ते पण याच ऑफिसात का?

रुळावरचा
ते वेगळं. तुटलेली बॅग विमान कंपनीच्या काउंटरवर, शक्यतो विमानतळाबाहेर पडायच्या आधीच.

डिचोलीकर
विमानतळाचा अनुभव माझा. मेव्हण्याचं घड्याळ तपासणीच्या ट्रेमध्ये राहिलं. तो घरच्यांना म्हणाला 'गोवा विमानतळ', म्हणून भाचा दाबोळीला गेला. विमान होतं मोपाहून! २०२३ पासून दोन-दोन विमानतळ झाल्यावर हा गोंधळ घरोघरी आहे. बोर्डिंग पासवर GOX असेल तर मोपा, GOI असेल तर दाबोळी, एवढं बघितलं असतं तरी पुरे होतं.

मग कळलं की सीटवर राहिलं तर विमान कंपनी, टर्मिनलमध्ये राहिलं तर विमानतळवाले आणि तपासणीच्या ट्रेमध्ये राहिलं तर सीआयएसएफ. त्यांच्या साइटवर विमानतळांवर सापडलेल्या वस्तूंची यादी असते, तारखेनुसार बघायची. आणि काउंटर आत असेल तर तिकिटाशिवाय दारातून सोडत नाहीत. आधी फोन करून, कोणत्या गेटवर माणूस येईल ते ठरवून जा.

प्राजक्ता_पणजी
बाहेर पडून आठवडा झाला 😐

मीनल_रत्नागिरी
आले. राहिलेलं : ओळखपत्र आणि तिकीट न्या. दुसऱ्या कोणाला पाठवत असाल तर सहीचं पत्र आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत द्या. आत काय काय आहे ते विचारतात. 'काळी बॅग' म्हणून चालत नाही, काळ्या बॅगांचा ढीग असतो. चेन तुटलीय, आत हिरवा टॉवेल आहे, असं काहीतरी हवं.

अण्णा_देवगड
सात दिवसांनी वस्तू लिलावात काढतात म्हणे.

रुळावरचा
लिलाव इतक्या लवकर नाही अण्णा. स्टेशनवर काही दिवस ठेवून मग मोठ्या ऑफिसला पाठवतात. पण त्यानंतर शोधायला दुसऱ्या गावी जावं लागतं, म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांतच धावपळ करा.

सुशेगाद
एसटीत राहिलं तर?

खारवी
गाडी खंयच्या डेपोची ती बघ, थंयच्या कंट्रोलरक विचार. तिकीट ठेवलंस काय?

सुशेगाद
तिकीट पिशवीतच होतं.