मृत्युपत्रातला फ्लॅट आधीच विकला असेल, तर ते कलम ‘रद्द’ की ‘व्यपगत’?

वाशीकर: आत्याने २०१६ मध्ये मृत्युपत्र केलं. त्यात ‘वाशी येथील माझा फ्लॅट क्र. ३०२ भाच्याला’, म्हणजे मला, आणि ‘उर्वरित सर्व मिळकत भाचीला’ असं लिहिलंय. २०२१ मध्ये तिने तो फ्लॅट ८५ लाखांना विकला आणि त्यातले ६० लाख एफडीत ठेवले. आता ती नाही. माझ्या कलमाला मराठीत नेमकं काय म्हणतात? आणि एफडी माझी होते का?

घणसोली_१: फ्लॅट विकला म्हणजे मृत्युपत्रच रद्द. आता वारसा कायद्याने वाटणी.

लेखनिक ताई: नाही हो. रद्द करणं म्हणजे करणाऱ्याने स्वतः मृत्युपत्र मागे घेणं, उदाहरणार्थ नवं करून किंवा जुनं फाडून. इथे मृत्युपत्र शाबूत आहे, फक्त त्या एका कलमाला धरायला वस्तू उरलेली नाही.

घणसोली_१: मग ‘व्यपगत’ म्हणा.

लेखनिक ताई: तो शब्द ज्याला द्यायचं तोच आधी वारला तर वापरतात. इथे माणूस आहे, वस्तू गेली. आमच्याकडे सरळ ‘दान निष्फळ झालं’ असं लिहितात. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम १५२ चा अर्थ तोच: नेमून दिलेली वस्तू मृत्यूच्या वेळी मृत्युपत्र करणाऱ्याची नसेल, किंवा तिचं वेगळ्या प्रकारच्या मिळकतीत रूपांतर झालं असेल, तर ते दान लागू होत नाही. वाशीकर, त्यामुळे विक्रीच्या पैशांच्या मागे तुम्हाला जाता येत नाही. एफडी ‘उर्वरित’मध्ये मोडते, म्हणून ती भाचीकडे जाते.

वाशीकर: पण आत्याचा मनोदय मला काहीतरी द्यायचा होता ना?

लेखनिक ताई: वाईट वाटणं साहजिक आहे, पण तो मनोदय मृत्युपत्रात लिहिलेला लागतो. ‘फ्लॅट विकल्यास त्याची रक्कम भाच्याला’ एवढं एक वाक्य असतं, तर चित्र वेगळं असतं. मूळ प्रत परत वाचा, पुरवणी मृत्युपत्र केलंय का तेही शोधा. आणि इंडेक्स टूवर विक्रीची तारीख पाहा. मृत्यूच्या दिवशी मालक कोण होतं, यावर सगळं आहे.

नौपाडा: समजा तिने नुसतं ‘माझा वाशीतला फ्लॅट’ लिहिलं असतं आणि तो विकून वाशीतच दुसरा घेतला असता, तर?

लेखनिक ताई: मग भाच्याची बाजू बरीच भक्कम झाली असती. कलम ९० प्रमाणे, मृत्युपत्रात उलट हेतू दिसत नसेल, तर वर्णन मृत्यूच्या वेळच्या मिळकतीला लावतात. इथे मात्र ‘क्र. ३०२’ लिहिल्याने ती वाट बंद झाली.

नौपाडा: आमची बिल्डिंग पुनर्विकासात पाडली. बाबांच्या मृत्युपत्रात जुना फ्लॅट नंबरासकट माझ्या नावे आहे आणि नवा मिळायच्या आधीच ते गेले. माझंही निष्फळ?

लेखनिक ताई: तुमच्या बाबांनी विक्री केलेली नाही, हा मोठा फरक आहे. जागेच्या बदल्यात जागा मिळण्याचा हक्क तेच जुनं दान मानायचं की ‘वेगळ्या प्रकारची मिळकत’, यावर वाद घालता येतो. बिल्डरसोबतचा करार पाहिल्याशिवाय मी हो किंवा नाही म्हणणार नाही.

घणसोली_१: मला अजूनही ‘निष्फळ’ पटत नाही. ‘विषयलोप’ कसा वाटतो?