अनुभव धागा : हयातीचा दाखला घरबसल्या काढताना

यंदा हयातीचा दाखला मोबाईलवर ज्यांनी स्वतः काढला, त्यांनी कुठे अडलं ते लिहावं.

निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर
दरवर्षी नोव्हेंबरात मी बँकेत सही करून यायची. यंदा गुडघे चालेनात. नातू म्हणाला, "आजी, मी फक्त बसतो, बटणं तूच दाब." त्याने फोन एकदाही हातात घेतला नाही. जीवन प्रमाण आणि आधार फेस आरडी ही दोन ॲप मीच उतरवून घेतली. आधी ऑपरेटर म्हणून चेहरा दाखवायचा होता, तो नातवाने दाखवला. मग पेन्शनर म्हणून माझा आधार क्रमांक, ओटीपी, पीपीओ क्रमांक, खातं. मी वहीत पायऱ्या लिहून घेत होते आणि तो प्रत्येक पायरीला थांबत होता.

चेहरा तीनदा नाकारला गेला. खिडकीकडे पाठ होती, त्यामुळे तोंड काळं दिसत होतं. खिडकीकडे तोंड करून, चष्मा काढून बसले. डोळे मिटून उघडले आणि झालं. प्रमाण आयडीचा मेसेजही आला.

एक पेन्शनर, होटगी रस्ता
आयडी आला की काम संपलं. मी तर मेसेज पुसूनही टाकला.

कोषागारातून निवृत्त
काका, तसं नाही. आयडी म्हणजे दाखला तयार झाला एवढंच. पेन्शन देणारं कार्यालय तो तपासून स्वीकारतं किंवा नाकारतं. आयडी टाकून पोर्टलवर स्थिती बघत राहा. आणि हा आयडी पुढच्या वर्षी चालत नाही, दर वेळी नवा निघतो.

निवृत्त शिक्षिका
माझं तेच झालं. आठवड्याने नातवाने मला स्थिती बघायला लावली, तर दाखला नाकारलेला. पीपीओच्या जुन्या झेरॉक्सवर 6 पुसट झाला होता, मी 8 टाकला होता. मूळ कागद काढला. त्याने एक एक अंक वाचला, मी टाकला, मग मी वाचला, त्याने पडताळला. शाळेत श्रुतलेखन तपासायचो ना, तसं. दुसऱ्यांदा स्वीकारला गेला.

एक निवृत्त मुख्याध्यापक, बार्शी
माझी पेन्शन विक्रीची कपात 15 वर्षं होऊनही चालूच आहे. ती या ॲपमधून थांबेल का?

कोषागारातून निवृत्त
सर, तो विषय वेगळा. पीपीओची प्रत जोडून पेन्शन देणाऱ्या कार्यालयाकडे लेखी अर्ज करा. ॲप फक्त हयातीचं बघतं.

एक सून, अक्कलकोट
सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सांगूनही डोळे मिटत नाहीत, बोटांचे ठसेही उमटत नाहीत. काय करावं?

निवृत्त शिक्षिका
ताई, पोस्टमन घरी येऊन दाखला काढतात, पण त्यांनाही ठसा किंवा चेहरा लागतोच. आधी बँकेत फोन करून बघा, माणूस घरी पाठवतात का ते. माझा नातू म्हणतो, डोळे मिटायला जमेपर्यंत तो तुमच्याबरोबर फोनवर थांबेल.