ट्रायअॅक्सियलमधून आलेलं ८ किलोपास्कल कोहेजन उतारासाठी धरायचं का?

ओलीमाती
चिकणमातीच्या तीन नमुन्यांवर, प्रत्येकाचा व्यास ३८ मिलिमीटर, कन्सॉलिडेटेड अनड्रेन्ड चाचणी झाली आहे आणि पोअर प्रेशरही मोजलं आहे. बॅक प्रेशर वजा करून सेल प्रेशर १००, २०० आणि ४०० किलोपास्कल. शिखर कुठेच दिसलं नाही, म्हणून १५ टक्के स्ट्रेनला अपयश धरलं. तेव्हा डेव्हिएटर स्ट्रेस ११८, १९०, ३३० होता आणि पोअर प्रेशर ४८, १०७, २२८ ने वाढलेलं होतं. टोटल स्ट्रेसच्या वर्तुळांवरून c १८ आणि φ १५ अंश येतात, इफेक्टिव्हवरून c' ८ आणि φ' २८ अंश. काम १:२ उताराच्या कापाचं आहे आणि भीती दीड मीटर खोलीवरच्या उथळ घसरणीची. माझे ज्येष्ठ सहकारी म्हणतात c' शून्य धर. चाचणीतून आलेला आकडा टाकून का द्यायचा? कुठली जोडी धरू?

पायाभरणी
१८ आणि १५ घ्या. काप नुकताच होणार आहे, म्हणजे अल्पकाळाचा प्रश्न, आणि अल्पकाळाला टोटल स्ट्रेस. इफेक्टिव्ह नंतरसाठी ठेवा. आम्ही नेहमी असंच करतो.

स्पर्शिका
पायाभरणी, अल्पकाळाला टोटल स्ट्रेस हे बरोबर, पण ही टोटल जोडी त्यासाठी नाही. १८ आणि १५ मध्ये या तीन नमुन्यांत, या तीन कन्सॉलिडेशन दाबांना, सममितीय दाबाखाली उठलेलं पोअर प्रेशर गुंडाळलेलं आहे. अल्पकाळासाठी हवी जमिनीत आज आहे ती अनड्रेन्ड ताकद, आणि ती अनकन्सॉलिडेटेड चाचणीतून किंवा जागेवरच्या व्हेन चाचणीतून येते. शिवाय कापात माती काढली जाते, दाब उतरतो, पोअर प्रेशर आधी घटतं आणि मग वर्षानुवर्षं हळूहळू वर येतं. कापाची सर्वांत वाईट वेळ नंतरची असते, म्हणून इथे इफेक्टिव्हचीच जोडी.

ओलीमाती, तुमचं गणित मी पुन्हा करून पाहिलं. पोअर प्रेशर वजा केल्यावर वर्तुळांची केंद्रं १११, १८८, ३३७ वर येतात आणि त्रिज्या ५९, ९५, १६५. त्रिज्या उभ्या अक्षावर आणि केंद्र आडव्या अक्षावर मांडून रेषा ओढली की चढ ०.४६९ येतो. तो sin φ' असतो, म्हणून २८ अंश. अनेक जण इथे tan समजून उलटा काढतात आणि २५ वर थांबतात, तुम्ही ती चूक केलेली नाही. रेषा उभ्या अक्षाला ६.९ वर छेदते. तो आकडा अजून c' नसतो. cos २८ ने भागल्यावर ७.८ मिळतो, तोच तुमचा ८. बेरीज-वजाबाकी ठीक आहे.

मला काळजी त्या ८ ची आहे, कारण तो मोजलेला आकडा नाही. सर्वांत लहान वर्तुळ ५२ पासून १७० पर्यंत पसरलं आहे. त्याच्या डावीकडे तुमच्याकडे एकही बिंदू नाही, रेषा तिथे नुसती लांबवली आहे. पाणी जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत चढून उताराला समांतर झिरपत असेल आणि सॅच्युरेटेड वजन १८ धरलं, तर दीड मीटरवरच्या घसरणतळावर इफेक्टिव्ह नॉर्मल स्ट्रेस जेमतेम १० किलोपास्कल भरतो. म्हणजे चाचणी एका जागी आणि उतार दुसऱ्याच जागी.

दगडमाती
मला हे पटत नाही. तीन बिंदू इतके सरळ रेषेत बसलेत, मग छेद खोटा कसा? ज्येष्ठ लोक 'c' शून्य' म्हणतात ती सवय आहे, पुरावा नाही. १:२ चे कितीतरी उतार वर्षानुवर्षं उभे आहेत. c' शून्य आणि φ' २८ घालून पूर्ण भिजलेल्या स्थितीचं गणित केलं तर सुरक्षा गुणांक अर्ध्याच्या आसपास येतो, म्हणजे ते सगळे उतार कधीच कोसळायला हवे होते. चाचणीचे पैसे देऊन निकाल फेकून द्यायचा, याला अभियांत्रिकी म्हणत नाहीत.

स्पर्शिका
दगडमाती, अर्ध्याचा आकडा बरोबर आहे, मलाही ०.४८ येतो. c' ८ धरला की तोच उतार १.२२ वर जातो. एवढ्याशा ८ किलोपास्कलवर उतार उभा राहणार की पडणार हे ठरतंय, म्हणूनच तो आकडा कुठून आला ते तपासायला हवं. उभ्या उतारांबद्दल एक गोष्ट विसरू नका. त्यातले बरेचसे कोरडे किंवा अर्धवट ओले असतात आणि सक्शन त्यांना धरून ठेवतं. पावसात ते जातं. उभा उतार म्हणजे कोहेजनचा पुरावा नव्हे.

सरळ रेषेबद्दल सांगते. प्रत्येक नमुन्याच्या डेव्हिएटरमध्ये सारखीच चूक शिरली तरी बिंदू सरळच राहतात, फक्त रेषा उचलली जाते. अशी चूक चाचणीच्या रचनेतच असू शकते. ओलीमाती, नमुन्याभोवती फिल्टर पेपरच्या उभ्या पट्ट्या होत्या का? आणि रबरी मेम्ब्रेनची दुरुस्ती केली होती का?

वाळवंट
माझाही हाच त्रास आहे. घट्ट वाळूच्या ड्रेन्ड चाचणीत मला c' १२ आला. वाळूत कोहेजन कुठून? की ही वाळू सिमेंटसारखी चिकटलेली समजायची?

स्पर्शिका
वाळवंट, तुमचा प्रश्न वेगळा आहे. घट्ट वाळू कमी दाबाला जास्त फुगते, म्हणून तिची खरी मर्यादारेषा वाकडी असते. वाकड्या रेषेवर वरच्या दाबांत सरळ पट्टी ठेवली की ती उभ्या अक्षाला शून्याच्या वर छेदणारच. तुमच्या कामातला दाब ज्या पट्ट्यात आहे तिथलाच φ' घ्या. चिकटलेली आहे का हे पाहायचं तर कोरडा ढेकूळ पाण्यात टाका, विरघळला तर ते सिमेंट नव्हतं.

ओलीमाती
चाचणीचा मूळ तक्ता मागवला. फिल्टर पेपरच्या पट्ट्या होत्या, आणि सॅच्युरेशनच्या वेळी B तिन्हींत ०.९६ च्या वर होता. क्षेत्रफळाची दुरुस्ती केलेली आहे. मेम्ब्रेन आणि फिल्टर पेपरची मात्र केलेली नाही. प्रयोगशाळेचं म्हणणं असं की 'या दुरुस्त्या किरकोळ असतात'.

स्पर्शिका
४०० च्या नमुन्यासाठी किरकोळच, ३३० मध्ये ते हरवून जातं. पण ती वजाबाकी शेवटी सगळी छेदात उतरते. ३८ मिलिमीटर व्यास, ०.२ मिलिमीटर जाड रबर आणि १५ टक्के स्ट्रेन धरला तर मेम्ब्रेन अंदाजे ४ किलोपास्कल उचलतं. फिल्टर पेपरसाठी ब्रिटिश मानकाच्या तक्त्यात या व्यासाला १० किलोपास्कल आहे. एकूण १४ डेव्हिएटरमधून वजा करा. पोअर प्रेशर तेच राहतं, म्हणून लहान प्रमुख स्ट्रेस हलत नाही, आणि केंद्र व त्रिज्या दोन्ही ७ ने कमी होतात. आता केंद्रं १०४, १८१, ३३० आणि त्रिज्या ५२, ८८, १५८. चढ तोच ०.४६९, म्हणजे φ' २८ जागचा हलला नाही. छेद मात्र ६.९ वरून ३.२ वर आला आणि c' ८ चा ३.६ झाला.

भिजलेला उतार याच आकड्यांनी तपासला की गुणांक १.२२ वरून ०.८२ वर येतो. त्या ८ मधला निम्म्याहून जास्त भाग मातीचा नव्हता, तो रबर आणि कागदाचा होता.

दगडमाती
हे मान्य करतो, मी दुरुस्त्या विचारात घेतल्या नव्हत्या. प्रयोगशाळेने त्या किरकोळ म्हणून सोडल्या हे चुकीचं झालं. पण मग ३.६ धरा. शून्यावर कशाला जायचं? दुरुस्ती करूनही काहीतरी उरलंय.

रेघोटी
मी प्रयोगशाळेत चाचण्या चालवते, म्हणून एक जोडते. दुरुस्त बिंदूंमधून c' शून्य आणि φ' २९ ची रेषा ओढून पाहा. तिच्यावर त्रिज्या ५०.४, ८७.८ आणि १६० येतात. तुमच्या ५२, ८८ आणि १५८ पेक्षा फरक २ किलोपास्कलहून जास्त कुठेच नाही. तीन नमुने एकाच ट्यूबमधले असले तरी त्यांच्यात एवढा फरक सहज असतो. म्हणजे हा डेटा ३.६ आणि शून्य यांत निवड करूच शकत नाही. दोन्ही रेषा तितक्याच चांगल्या बसतात.

आणि १०० च्या नमुन्याकडे नीट पाहा. मूळ जागेवर या मातीवर आधी १०० पेक्षा जास्त दाब आला असेल तर तो नमुना थोडा ओव्हरकन्सॉलिडेटेड आहे आणि बाकी दोन नाहीत. मग एकाच रेषेत तीन बिंदू बसवणंच चूक ठरेल. कन्सॉलिडेशन चाचणीतून पूर्वदाब काढला आहे का?

ओलीमाती
नाही, ती चाचणी सांगितलीच नव्हती.

दगडमाती
मग तर शून्य ठरवायलाही आधार नाही. ओव्हरकन्सॉलिडेटेड माती कमी दाबाला मर्यादारेषा वर उचलते, म्हणजे उथळ घसरणीच्या पट्ट्यात खरी ताकद शून्य-कोहेजनच्या रेषेपेक्षा जास्त असणार.

स्पर्शिका
असू शकते, सुरुवातीला. पण काप झाल्यावर ती माती फुगते, पाणी घेते आणि मऊ पडते. स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात चिकणमातीच्या उतारांच्या दीर्घकालीन स्थैर्याचा प्रश्न मांडला, तेव्हा लंडन क्लेसारख्या मातीत घसरणीच्या वेळी मिळणारी ताकद प्रयोगशाळेतल्या शिखर ताकदीपेक्षा बरीच कमी भरते हे पुढे आलं. ती माती कडक आणि भेगाळ होती, ओलीमातींची तशी आहे का हे या धाग्यावरून सांगता येत नाही. म्हणून मी शून्याकडे झुकते, पण ते शून्य मोजलेलं आहे असं म्हणणार नाही.

दगडमाती
आणि मी ३.६ कडे, कारण तो निदान मोजणीतून आलेला आहे.

रेघोटी
हा वाद नवी चाचणी केल्याशिवाय मिटणार नाही. ओलीमाती, पुन्हा करायची तर १०० मिलिमीटर व्यासाचा नमुना घ्या. त्याच तक्त्यात फिल्टर पेपरची दुरुस्ती १० वरून साडेतीनवर येते आणि रबर तेवढंच जाड असेल तर मेम्ब्रेनचीही निम्म्याहून कमी होते. ड्रेन्ड चाचणी २०, ४० आणि ८० किलोपास्कलला करा. मोठा नमुना निचरायला वेळ घेतो, तेव्हा घाई करू नका. वेग जास्त ठेवला तर पोअर प्रेशर आत अडकतं आणि तुम्हाला कळतही नाही. तेवढा वेळ नसेल तर शिअर बॉक्समध्ये तोच नॉर्मल स्ट्रेस लावा. तिथे मेम्ब्रेनही नाही आणि कागदही नाही, पण पेटीच्या घर्षणाकडे आणि भारपट्टीच्या वजनाकडे लक्ष ठेवा. २० किलोपास्कलला तेही मोठं असतं.

ओलीमाती
ट्यूबमध्ये माती उरली आहे, पण १०० मिलिमीटरचा नमुना तिच्यातून निघणार नाही. शिअर बॉक्स आणि कन्सॉलिडेशन चाचणी उद्याच सांगते. सध्या दोन्ही जोड्यांनी उतार तपासला. भिजलेल्या स्थितीत ३.६ ने ०.८२ आणि शून्य कोहेजन व २९ अंशांनी ०.५० आला. दोन्ही १ च्या खाली आहेत, म्हणून उताराच्या माथ्याकडे पाणी अडवणारा चर आणि उतारात आडव्या निचरा नळ्या घेऊन गणित पुन्हा करते. पाणी दीड मीटरच्या खाली गेलं तर ३.६ ने १.४ येतो, पण शून्याने १.११ च.

स्पर्शिका
त्या १.११ वर मी सही करणार नाही, उतार १:२.५ करता येतो का तेही पाहा. आणि नळ्या बुजतात, त्यांची देखभाल कोण करणार हे आधी ठरवा.

दगडमाती
१.४ वर मी करेन. शिअर बॉक्सचे आकडे आले की इथे टाका, मी चुकलो असेन तर मला कळायला हवं.