शब्दचर्चा: ‘सरासरी’ म्हणजे भागिले काय?

वहीवाला
आमच्या क्लबच्या सामन्यांची यादी करतोय. बक्षीस समारंभाच्या दिवशी तक्ता भिंतीवर लावायचाय आणि मथळे मराठीतच हवेत असा अध्यक्षांचा हट्ट आहे. शब्द शोधायला बसलो आणि आकड्यातच अडकलो.

तिसऱ्या क्रमांकावर खेळणाऱ्या पोराचे सहा डाव असे: ३४, नाबाद १२, ०, नाबाद ४१, धावचीत ७, २६. बेरीज १२०. मी सहाने भागून सरासरी २० लिहिली. कप्तान म्हणतो ३०. आणि तो पोरगा म्हणतो ४०, कारण धावचीत झाला त्यात त्याची काही चूक नव्हती, पलीकडच्यानं हाकच दिली नाही. शब्द तिघांच्या तोंडी एकच, सरासरी. खरा अर्थ कुठला?

शब्दखोर
सरासरी फारसीतून आलाय. ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळं मिळून. म्हणजे सगळे डाव धरायचे आणि तितक्यांनी भागायचं. शाळेत हेच शिकलो. २० बरोबर.

जुना स्कोअरर
उगम बरोबर सांगितलात, उत्तर चुकलं. फलंदाजीच्या सरासरीत डावांनी भागत नाहीत, किती वेळा बाद झाला त्यानं भागतात. नाबाद डावांच्या धावा वर धरायच्या, तो डाव खाली धरायचा नाही. सहा डाव, दोन नाबाद, राहिले चार. १२० भागिले ४, तीस. कप्तान बरोबर.

धावचीत हा बादच. कुणाच्या हाकेनं झाला हे वहीत लिहीत नाहीत. फरक इतकाच, की ती विकेट गोलंदाजाच्या खात्यात जात नाही.

ब्रॅडमनचं ९९.९४ सगळ्यांना पाठ असतं. ते ६९९६ धावा भागिले ७०. डाव ८० होते, त्यातले १० नाबाद. डावांनी भागलं असतं तर ८७.४५ आले असते.

शब्दखोर
मग याला सरासरी का म्हणायचं? दर डावाला तो तीस करत नाहीच. शब्दच फसवा आहे.

मागवाला
सर, मी क्रिकेट फार बघत नाही, पण हा हिशोब आमच्या कारखान्यात रोजचा आहे. यंत्रमागावर सूत किती मीटरला तुटतं ते आम्ही बघतो. समजा चार पाळ्यांत शंभर मीटर विणलं आणि धागा पाच वेळा तुटला. म्हणजे वीस मीटरला एकदा. एखाद्या पाळीत तुटलाच नाही, तर तिचे मीटर सोडून देतो का? नाही. मीटर धरतो, तुटणं शून्य लिहितो. भागतो तुटण्यानं, पाळीनं नाही. तुमचा नाबाद म्हणजे न तुटलेली पाळी, असंच ना?

जुना स्कोअरर
असंच. चाळीस वर्षं वही लिहितोय, इतकं सोपं करून मला सांगता आलं नव्हतं. म्हणजे हा शब्द ‘दर डावाला किती’ असं सांगत नाही, ‘दर बाद होण्याला किती’ असं सांगतो. आणि एकदाही बाद झालेला नसेल त्याच्या रकान्यात आडवी रेघ मारा. शून्यानं भागता येत नाही.

वहीवाला
तीस लिहिले. आता गोलंदाज. आमच्या डावखुऱ्याची षटकं: ४, ३.४, २.२, ४. कॅल्क्युलेटरनं बेरीज १३.६ दिली. धावा ९१, बळी ७. इकॉनॉमी ६.६९ आली. बरोबर आहे?

जुना स्कोअरर
थांबा, थांबा. तेरा पूर्णांक सहा षटकं कधी पाहिलीत? सहावा चेंडू पडला की षटक संपतं. टिंबाच्या पुढं ६, ७, ८ किंवा ९ दिसला, की समजायचं कुणीतरी कॅल्क्युलेटर लावलाय.

३.४ मधलं टिंब दशांशाचं नाही. तीन षटकं आणि चार चेंडू, म्हणजे २२ चेंडू. २.२ चे १४. दोन पूर्ण हप्त्यांचे २४ आणि २४. एकूण ८४ चेंडू, म्हणजे बरोब्बर १४ षटकं. ९१ भागिले १४, साडेसहा. त्या बिचाऱ्याला तुम्ही उगाच महाग करून ठेवलंत.

संगणकवाली ताई
शीटमध्ये करत असाल तर षटकं B2 मध्ये ठेवून शेजारच्या रकान्यात चेंडू काढा आणि बेरीज चेंडूंचीच करा:

```
=INT(B2)*6+ROUND((B2-INT(B2))*10,0)
```

ROUND काढू नका. ३.४ मधून ३ वजा केले की कधी कधी ०.३९९९ असं काहीतरी उरतं आणि चेंडूंचा आकडा अपूर्णांकात जातो.

वहीवाला
झालं. मग त्याचा स्ट्राइक रेट किती? बाराच आला! आमच्या फलंदाजाचा १२५ आहे, ९६ चेंडूंत १२०. आता १२ भिंतीवर लावला तर पोरं हसतील की.

पार्कवरचा प्रेक्षक
बारा म्हणजे वाईटच बे. शंभरच्या वर पाहिजे.

जुना स्कोअरर
फलंदाजाला शंभरच्या वर. गोलंदाजाचा स्ट्राइक रेट म्हणजे किती चेंडूंमागे एक बळी. ८४ भागिले ७, बारा. दोन षटकांत एक गडी, याहून आणखी काय पाहिजे? तिथं आकडा जितका लहान तितकं बरं. एकच शब्द, दोन उलट्या दिशा.

सरासरीचंही तेच. आपल्या सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर घ्या. कसोटीत फलंदाजीची सरासरी ४२.२२ आणि गोलंदाजीची ४२.०८. आकडा जवळजवळ एकच. पहिल्यासाठी टाळ्या मिळतात. दुसऱ्याचा अर्थ असा, की एका बळीसाठी बेचाळीस धावा मोजल्या.

तुमच्या डावखुऱ्याची सरासरी ९१ भागिले ७, तेरा. पडताळा घ्यायचा असेल तर इकॉनॉमीला स्ट्राइक रेटनं गुणा आणि सहाने भागा. साडेसहा गुणिले बारा भागिले सहा, तेराच. जमलं नाही तर षटकांच्या बेरजेत घोळ आहे असं समजा.

शब्दखोर
मग मराठी मथळे सरळच लिहा. गोलंदाजाला ‘बळीमागे धावा’, ‘बळीमागे चेंडू’, ‘षटकामागे धावा’. फलंदाजाला ‘शंभर चेंडूंमागे धावा’. ‘मागे’ लावलं की कशानं भागलं ते कळतं. ‘धावगती’ नको, तो शब्द संघाच्या डावासाठी रुळलाय.

पार्कवरचा प्रेक्षक
‘बळीमागे चेंडू’ वाचून कुणाला तरी वाटेल बळी पुढं पळतोय अन् मागनं चेंडू.

वहीवाला
😄 शेवटचं एक. सरावाच्या सामन्यांत आमचा नियम आहे, तीस झाले की निवृत्त व्हायचं, दुसऱ्याला खेळू द्यायचं. ते बाद की नाबाद?

जुना स्कोअरर
दुखापतीनं गेला तर नाबाद. उगाच निघून गेला आणि परत आला नाही तर बाद धरतात. पण तुम्हीच नियम करून बाहेर काढलाय. मी नाबाद लिहीन.

शब्दखोर
म्हणजे तीस-तीस करून बाहेर जाणाऱ्याची सरासरी फुगत जाणार. तो तुटला नाही, तुम्ही माग बंद केलात.

मागवाला
माग बंद केला म्हणून धागा तुटला असं आम्ही लिहीत नाही, सर.

शब्दखोर
पण पुढचं सूत कुठं विणलंत? मला तरी हे पटत नाही.

वहीवाला
सरावाचे सामने मी वेगळ्या कागदावर ठेवतो, वाद तिथंच राहू दे. तो पोरगा आज पार्कवर भेटला. तीस दाखवले. म्हणाला, ठीक आहे, पण धावचीतच्या पुढं कंसात पलीकडच्याचं नाव लिहा.