हँडशेक होतो, पण पुढचे गेस्ट?

> "टनेल जोडला, एकच यूडीपी पोर्ट उघडा ठेवला. वायरगार्डचं व्हीएम पिंग होतं, बाकी गेस्ट गप्प."

बर्डीच्या ऑफिसातून मीही दोन संध्याकाळी यातच घालवल्या. शेवटी गप्प असलेल्या गेस्टवर हे चालवलं:

```
tcpdump -ni any icmp
```

टनेलच्या दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे 10.8.0.2 कडून, पिंग येत होतं, उत्तरही निघत होतं. पण ते राउटरकडे जायचं, आणि त्याला 10.8.0.0/24 कुठे आहे हे ठाऊकच नाही. राउटरमध्ये स्टॅटिक रूट टाकला: 10.8.0.0/24, गेटवे 192.168.1.5, म्हणजे वायरगार्डचं व्हीएम. लगेच सुरू झालं बाप्पा!

पिंग गेस्टपर्यंत येतच नसेल, तर वायरगार्डच्या व्हीएमवर `net.ipv4.ip_forward=1` आहे का बघा. इंटरनेट कंपनीच्या राउटरमध्ये स्टॅटिक रूटची सोय नसेल, तर त्याच व्हीएमवर मास्करेड लावा. फक्त मग गेस्टच्या लॉगमध्ये सगळे 192.168.1.5 म्हणूनच दिसतात.